'अवजारे बँक' हे नाव कंपनीला का मिळाले नाही

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच जण मिळून चार वर्षे शेतीची अवजारे भाड्याने देत होतो. द्राक्षबागेच्या फवारणीचे दोन ब्लोअर, एक रोटाव्हेटर, उसाच्या पाचटाची कुट्टी करणारे यंत्र आणि हळद पॉलिश करण्याचा ड्रम एवढे आमचे भांडवल होते, आणि मामांच्या मळ्यातल्या शेडवर पत्र्याचा एक फलक होता. त्यावर आमच्या ओढ्याचे नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'अवजारे बँक' असे रंगवलेले होते. हे शब्द आम्ही शोधून काढलेले नव्हते. शेती यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेतच 'कृषी अवजारे बँक' असा उल्लेख असतो, कृषी खात्याचे लोक हाच शब्द वापरतात, आणि ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने ते घेऊन जावे व काम झाल्यावर आणून ठेवावे, ही कल्पना त्या एका शब्दातून कोणालाही समजते.

गेल्या वर्षी आणखी दोन यंत्रे घ्यायची ठरली आणि व्यवहार पाच जणांच्या तोंडी बोलीवर चालवणे अवघड होऊ लागले, तेव्हा आम्ही खासगी मर्यादित कंपनी नोंदवण्याचा निर्णय घेतला. नाव तर ठरलेलेच होते. त्यामुळे नावासाठी काही करावे लागेल असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही आणि नाव राखून ठेवण्याचा अर्ज मी घरी बसून स्वतःच भरला.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर `SPICe+` नावाचा अर्ज आहे. त्याचा पहिला भाग केवळ नावासाठी असतो आणि त्याचे शुल्क 1000 रुपये आहे. एका अर्जात पसंतीच्या क्रमाने दोन नावे देता येतात आणि कंपनी कोणते काम करणार आहे याचे थोडक्यात वर्णन द्यावे लागते. मी पहिल्या जागी ओढ्याच्या नावानंतर 'अवजारे बँक' असे लिहिले. दुसरे नाव देणे सक्तीचे नव्हते, तरी ते भारदस्त वाटावे म्हणून 'नॅशनल' या शब्दाने सुरू होणारे एक इंग्रजी नाव दिले. अर्ज पाठवण्यापूर्वी संकेतस्थळावर शोध घेतला, तेव्हा आमच्या नावासारखी दुसरी कंपनी आढळली नाही. व्यापारचिन्हांच्या नोंदवहीतही तसे काही सापडले नाही. नाव मोकळे आहे, म्हणजे ते आपल्याला मिळणार, असा मी अर्थ काढला.

माझी चूक नेमकी इथे झाली. नाव दुसऱ्या कोणाचे आहे का, हा एक प्रश्न आहे. नावातला शब्द वापरण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा त्याहून निराळा. कंपनी नोंदणीच्या 2014 च्या नियमांत या दोन प्रश्नांसाठी स्वतंत्र नियम आहेत. नियम 8 साम्याबद्दल बोलतो, तर 2019 च्या मे महिन्यात झालेल्या दुरुस्तीने आलेले नियम 8अ आणि 8ब शब्दांबद्दल बोलतात. शोधाच्या चौकटीत 'आढळले नाही' असे उत्तर येते, तेव्हा फक्त पहिल्या प्रश्नाचा निकाल लागलेला असतो.

अशा अर्जांची छाननी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते. आमची कंपनी पुढे पुण्याच्या कंपनी निबंधकांच्या अखत्यारीत येणार असली तरी नावाचा निर्णय तिथे होत नाही. काही दिवसांनी अर्ज दुरुस्तीसाठी परत आल्याचा संदेश आला. पहिल्या नावाबद्दलच्या शेऱ्याचा आशय असा होता की 'बँक' या शब्दासाठी संबंधित नियामकाच्या अटी पूर्ण केल्याचे घोषणापत्र जोडलेले नाही. दुसऱ्या नावाबद्दल लिहिले होते की 'नॅशनल' हा शब्द केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय वापरता येत नाही. फेरसादरीकरणासाठी 15 दिवसांची मुदत होती.

तो शेरा वाचल्यावर मला खरोखर वाईट वाटले, कारण आमच्या व्यवसायात पैशाच्या ठेवींचा संबंध कुठेच नव्हता. माझ्या मनात एक साधा युक्तिवाद होता, आणि विश्रामबागेतल्या एका कंपनी सेक्रेटरी मॅडमच्या कार्यालयात मी तोच मांडला. मी म्हणालो, "मॅडम, रक्ताची बँक असते, बियाण्यांची बँक असते, सरकार स्वतः अवजारांची बँक म्हणते. आम्ही ठेवी घेत नाही, कर्ज देत नाही. मग आम्हाला रिझर्व्ह बँकेचे काय विचारायचे?"

त्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, बँकिंग नियमन कायदा, 1949 काढला आणि कलम 7 माझ्यापुढे ठेवले. "दादा, हे एकदा सावकाश वाचा. यात तुमचा धंदा कोणता, हे कुठे विचारलंय का बघा," असे त्या म्हणाल्या.

मी ते दोनदा वाचले. कलमाचा आशय असा आहे की बँकिंग कंपनीखेरीज कोणत्याही कंपनीने 'बँक', 'बँकर' किंवा 'बँकिंग' यांपैकी कोणताही शब्द आपल्या नावाचा भाग म्हणून अथवा आपल्या व्यवसायाच्या संदर्भात वापरू नये. आणि ज्या कंपनीला बँकिंगचा व्यवसाय करायचा आहे, तिने यांपैकी किमान एक शब्द नावात वापरलाच पाहिजे. बँकिंग म्हणजे काय, याची व्याख्या त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये दिलेली आहे. कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवणुकीसाठी जनतेकडून पैशाच्या ठेवी स्वीकारणे, आणि त्या मागणी केल्यावर किंवा अन्य प्रकारे परत करण्याजोग्या व धनादेश वगैरेंनी काढता येण्याजोग्या असणे, असा त्याचा सारांश आहे. परंतु कलम 7 मधली मनाई ज्याच्या कामाला ही व्याख्या लागू होत नाही, त्याच्यावरच आहे. म्हणजे 'आम्ही बँकिंग करत नाही' हा माझा युक्तिवाद माझ्या बाजूचा नव्हताच. मी जितक्या जोराने तो मांडत होतो, तितक्याच स्पष्टपणे मी मनाई असलेल्यांच्या गटात जाऊन बसत होतो.

कलमात काही अपवाद आहेत. बँकांच्या विशिष्ट उपकंपन्यांना आणि आपल्या सामाईक हितासाठी बँकांनीच स्थापन केलेल्या संघटनांना त्यात मोकळीक आहे. मात्र शब्द अलंकारिक अर्थाने वापरला आहे, किंवा 'बँक' म्हणजे इथे फक्त साठा, असा अपवाद तिथे कुठेही नाही. शिवाय आम्ही कंपनी केली नसती तरी सुटलो नसतो, कारण याच कलमाचे दुसरे पोटकलम भागीदारी संस्था, एकटी व्यक्ती आणि व्यक्तींचा गट यांनाही व्यवसायाच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई करते. मळ्यातला तो फलक चार वर्षे चुकीचाच होता, हे मला त्या दिवशी समजले.

मग मी विचारले की रिझर्व्ह बँकेकडून एखादे ना-हरकत पत्र मागवता येईल का. मॅडमनी नियम 8अ समजावून सांगितला. 'इन्शुरन्स', 'बँक', 'स्टॉक एक्स्चेंज', 'व्हेंचर कॅपिटल', 'ॲसेट मॅनेजमेंट', 'निधी', 'म्युच्युअल फंड' असे शब्द नावात असतील, तर त्या त्या क्षेत्रातील नियामकाच्या अटी आपण पूर्ण केल्या आहेत असे घोषणापत्र अर्जदाराने द्यावे लागते, अन्यथा ते नाव अनिष्ट मानले जाते. हे घोषणापत्र खरोखर बँक, विमा कंपनी किंवा म्युच्युअल फंड काढायला निघालेल्या माणसासाठी आहे. त्याची परवान्याची प्रक्रिया सुरू असते, तत्त्वतः मान्यता हातात असते आणि त्या आधारे तो नाव मागतो. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लघु वित्त बँकेला देखील 200 कोटी रुपयांचे भरणा झालेले भांडवल लागत होते. आम्ही पाच जण मिळून 10 लाख रुपये घालणार होतो. आमच्या ब्लोअरला आणि रोटाव्हेटरला रिझर्व्ह बँकेची कोणती अट लागू होणार, की जी आम्ही पूर्ण केली असे लिहून द्यावे?

आमच्यापैकी एकाने घोषणापत्र देऊन टाकू, कोण तपासतो, असे सुचवले होते. मी ते मॅडमना सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. नाव मिळवताना खोटी किंवा चुकीची माहिती दिल्याचे कंपनी नोंदवण्यापूर्वी उघड झाले, तर कंपनी कायदा, 2013 च्या कलम 4 नुसार राखलेले नाव रद्द होते आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनी नोंदवल्यानंतर ते उघड झाले, तर निबंधक तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्याचा आदेश देऊ शकतात, कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची कारवाई करू शकतात किंवा कंपनी गुंडाळण्यासाठी अर्ज करू शकतात. तोपर्यंत यंत्रांवर कर्ज उचललेले असते, करार झालेले असतात, आणि ते सगळे त्याच नावावर असतात.

इथे मला थोडे घरचे सांगितले पाहिजे, कारण हा नियम मला पटला तो कायद्याच्या पुस्तकामुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याने द्राक्षाचे आलेले पैसे शेजारच्या गावातील एका पतसंस्थेत ठेवले होते. त्या संस्थेच्या फलकावर आणि पासबुकावर 'बँक' असा शब्द होता, आणि आत्याच्या दृष्टीने बँक म्हणजे बँक. संस्था अडचणीत आल्यावर ठेव विम्याची चौकशी केली, तेव्हा कळले की बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत जे संरक्षण आहे, ते बँकांना आणि सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आत्याची रक्कम अजून पूर्ण मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये याच विषयावर सावधगिरीची सूचना काढली होती. सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, कायद्याने किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली नसेल तर सहकारी संस्थांनाही नावात हे शब्द वापरता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट केले होते. आमच्या शेडवर कोणी ठेव ठेवायला आले नसते, हे खरे आहे. पण ठेवी घेणारी अवजारे बँक आणि ठेवी न घेणारी अवजारे बँक यांतला फरक फलक वाचणाऱ्याने ओळखावा, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. तो शब्दच राखून ठेवतो, आणि आत्याचे पासबुक पाहिलेल्या मला त्याविरुद्ध काही बोलता आले नाही.

आता दुसरे नाव शोधायचे होते आणि 15 दिवसांपैकी सहा दिवस गेले होते. घरी बैठक बसली. मामांनी सुचवले की 'बँक' नको तर 'शेतकरी अवजारे निधी' म्हणू. मराठीत निधी हा किती साधा शब्द आहे! मदतनिधी असतो, बांधकाम निधी असतो, गणेशोत्सवाचाही निधी असतो. परंतु कंपनी कायद्यात निधी हा कंपनीचा एक वेगळा प्रकार आहे. ती आपल्या सभासदांकडूनच ठेवी घेते आणि त्यांनाच कर्ज देते, आणि तिच्या नावाच्या शेवटी 'निधी लिमिटेड' असे यावे लागते. नियम 8अ मधल्या यादीत हा शब्द 'बँक' आणि 'इन्शुरन्स' यांच्या रांगेत बसलेला आहे. मामांना हे सांगताना मला जड गेले, कारण त्यांच्या मते मी आता मराठी शब्दही सरकारला देऊन टाकत होतो.

मग चुलतभावाने 'यंत्र पंचायत' हे नाव काढले. मला ते मनापासून आवडले होते. मात्र 'पंचायत' नियम 8ब च्या यादीत आहे. 'बोर्ड', 'कमिशन', 'ऑथॉरिटी', 'नॅशनल', 'युनियन', 'सेंट्रल', 'म्युनिसिपल', 'गव्हर्नर', 'कोर्ट', 'ब्युरो' यांसारखे शब्द केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेनंतरच वापरता येतात, आणि त्या सगळ्या शब्दांचा धागा एकच आहे: ऐकणाऱ्याला ही संस्था सरकारची आहे किंवा सरकारने नेमलेली आहे असे वाटू शकते. 'स्कीम' हा शब्द सरकारच्या, राज्याच्या किंवा 'भारत' या नावासोबत जोडण्यासही तशीच मान्यता लागते. माझ्या पहिल्या अर्जातल्या 'नॅशनल' या शब्दाची गत याच नियमाने झाली होती. तासगावच्या पाच जणांच्या कंपनीला तो शब्द कशाला हवा होता, याचे माझ्याकडेही उत्तर नव्हते. नाव वजनदार दिसावे एवढाच हेतू होता, आणि नियमाला आक्षेप आहे तो त्या उसन्या वजनालाच.

याच बैठकीत आणखी एक विषय निघाला. ब्लोअर चालवणाऱ्या मुलांना आम्ही हंगामापूर्वी चार दिवसांचे प्रशिक्षण देतो, आणि त्या वर्गाला 'बागायत युनिव्हर्सिटी' असे नाव देऊन त्याची जाहिरात करण्याचा एकाचा विचार होता. मॅडमना फोन केला. त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, 1956 चे कलम 23 सांगितले. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाखेरीज कोणत्याही संस्थेला, ती नोंदणीकृत असो वा नसो, 'युनिव्हर्सिटी' हा शब्द आपल्या नावाशी कोणत्याही प्रकारे जोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर 2017 मध्ये अभिमत विद्यापीठांनाही नावापुढे नुसते 'युनिव्हर्सिटी' लावणे थांबवावे लागले आणि 'डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी' असे कंसात लिहिण्याची पद्धत आली. ज्यांच्याकडे वैद्यकीय महाविद्यालये आणि संशोधन केंद्रे आहेत, त्यांना जो शब्द मोकळेपणाने वापरता येत नाही, तो चार दिवसांच्या वर्गाला लावणे शक्यच नव्हते. 'विद्यापीठ' हा मराठी शब्द चालेल का, असेही मी विचारले. ज्या शब्दाने पालक आणि विद्यार्थी तोच अर्थ घेणार, त्याच्या वाटेला जाऊ नका, असा त्यांचा सल्ला होता आणि आम्ही तो मानला. वर्गाला आता 'ब्लोअर चालक प्रशिक्षण वर्ग' असेच म्हणतो.

शेवटी 'बँक' या शब्दातून आम्हाला नेमके काय सांगायचे होते, याचा विचार केला तेव्हा वाट सापडली. आम्हाला सांगायचे होते की इथे वस्तू साठवलेली आहे आणि गरजेच्या वेळी ती मिळते. 'पेढी' हा शब्द आधी सुचला, कारण रक्तपेढी आपण सहज म्हणतो. मात्र सांगली-सातारा भागात पेढी म्हटले की पतपेढी डोळ्यांसमोर येते, आणि छाननी करणाऱ्याने पुन्हा ठेवींबद्दल विचारले असते तर आमची एकमेव फेरसादरीकरणाची संधी वाया गेली असती. मग आजीच्या बोलण्यातला 'कोठार' आठवला. धान्याचे कोठार जसे असते, तसे अवजारांचे कोठार. या शब्दावर कोणत्याही नियामकाचा हक्क नाही आणि व्यवसायाचे स्वरूप तो अचूक सांगतो.

मॅडमनी फेरसादरीकरणात ओढ्याच्या नावानंतर 'अवजार कोठार' हे पहिले नाव आणि 'अवजार घर' हे दुसरे नाव दिले. मी स्वतः अर्ज भरताना एक गोष्ट केली नव्हती, ती त्यांनी केली: प्रत्येक मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहून जोडला, आणि कंपनी ठेवी स्वीकारणार नाही, फक्त शेतीची यंत्रे भाड्याने देणार आहे, हे कामाच्या वर्णनात स्पष्ट लिहिले. मानेसरला बसलेल्या अधिकाऱ्याला कोठार म्हणजे काय, हे ठाऊक असेलच असे धरून चालता येत नाही. पहिले नाव मंजूर झाले.

मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवले जाते आणि तेवढ्या काळात अर्जाचा दुसरा भाग, म्हणजे संचालकांची, भांडवलाची आणि नोंदणीकृत कार्यालयाची माहिती सादर करावी लागते. आम्ही कार्यालयाचा पत्ता म्हणून मामांचे घर दाखवले होते आणि त्यांचे वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुने निघाले. नवे बिल येईपर्यंत मुदत संपत आली, म्हणून ती संपण्यापूर्वी आणखी 1000 रुपये भरून ती 40 दिवसांपर्यंत वाढवून घेतली. मुदत उलटून गेली असती तर नाव मोकळे झाले असते आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागला असता.

नोंदणीचे प्रमाणपत्र आल्यावर फलकाचा प्रश्न उरला. कंपनीने आपले नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कामाच्या प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या बाजूला, वाचता येईल असा, स्थानिक भाषेच्या लिपीतही लावावा लागतो, म्हणून नवा फलक मराठीत करायचाच होता. रंगाऱ्याने विचारले की वर नवे नाव लिहितो आणि खाली लोकांच्या ओळखीसाठी बारीक अक्षरांत 'अवजारे बँक' ठेवतो, चालेल का. मी नाही म्हणालो, कारण कलम 7 मध्ये नावाच्या जोडीला 'व्यवसायाच्या संदर्भात' असेही शब्द आहेत आणि बारीक अक्षरांतला उल्लेखही त्यातच मोडतो. पत्रा घासून पांढरा केला. जुन्या पावतीपुस्तकांची उरलेली सात पुस्तके बाद केली, मोबाईलवरच्या गटाचे नाव बदलले, आणि योजनेच्या कागदपत्रांत जिथे योजनेचे नाव म्हणून 'कृषी अवजारे बँक' लिहावे लागते, तिथे ते योजनेच्या रकान्यातच ठेवून अर्जदाराच्या रकान्यात कंपनीचे पूर्ण नाव लिहू लागलो. शेतकरी अजूनही "बँकेतनं ब्लोअर आणलाय" असेच म्हणतात. त्यांना मी दुरुस्त करत नाही. पावती मात्र कोठाराच्या नावाने फाडतो.